बापाची एटीकेटी

आमच्या दाजींचं मेडिकल थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात, हे मात्र तुम्ही त्यांना कोणत्या साली विचारता यावर अवलंबून आहे. ताईच्या लग्नात त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते चार मार्कांनी हुकलं होतं. भाचीच्या बारशाला दोन मार्कांवर आलं. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर त्यांनी अर्ध्या मार्काचा उल्लेख केला, आणि तोही पेपर तपासणाऱ्याच्या चुकीमुळे. या वेगानं आणखी दोन-तीन दिवाळ्यांत दाजी मेडिकलला लागलेले असतील अशी मला खात्री आहे.

त्या काळी बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. दाजींना तो मिळाला नाही, मग ते पाटबंधारे खात्यात चिकटले आणि आजवर उत्तम नोकरी केली. पण इंजिनिअरिंगच्या पोरांचा जसा एखादा विषय राहतो आणि एटीकेटी लावून ती पुढच्या वर्षाला जातात, तसे दाजी मेडिकलची एटीकेटी घेऊन संसारात आले. लग्न झालं, घर झालं, मुलगी झाली, विषय राहिलेलाच. आणि आपला राहिलेला पेपर द्यायला आता घरात दुसरा परीक्षार्थी आलाय, हे मुलगी चालायला लागल्यावरच त्यांच्या लक्षात आलं असावं. पहिल्या वाढदिवसाला तिला खेळण्यातला स्टेथोस्कोप मिळाला. तिनं तो चावला. ‘पहा, कशी कानाला लावते,’ असं दाजी पाहुण्यांना सांगत होते.

लादणं म्हणजे आरडाओरडा, छडी, ‘या घरात राहायचं असेल तर’ वगैरे, असा आपला समज असतो. तो सिनेमातला बाप. खरा बाप आवाज चढवत नाही. दाजींचं पेटंट वाक्य होतं, ‘मी काही म्हणत नाही हं, तुझं तू ठरव.’ त्यानंतर एक उसासा. उसासा असा की मागच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करावा. मग नीटमध्ये चमकलेल्या कुणा मुलीच्या बातमीचं कात्रण फ्रिजवर लागायचं, ‘सहज, वाचायला’. दुधाच्या हिशेबाचा कागद त्याच्याखाली सरकायचा. पोरीला फ्रिज उघडल्याशिवाय पाणी मिळत नाही आणि कात्रण वाचल्याशिवाय फ्रिज उघडत नाही. याला सक्ती म्हणायची तरी कशी?

मग दहावीचा निकाल लागला. ८८ टक्के. आणि भाचीनं जेवताना सांगून टाकलं, ‘मला व्हेट व्हायचंय.’

ताईला वाटलं वेट, म्हणजे वजनाचं काहीतरी. दाजींनी मात्र बरोबर ऐकलं आणि त्यातलं निम्मंच ठेवून घेतलं. ‘जनावरांचा डॉक्टर’ यातलं ‘जनावरांचा’ त्यांनी भाजीतल्या कढीपत्त्यासारखं बाजूला काढून ठेवलं. त्याच रात्री मला फोन. ‘मेव्हणे, पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणतेय!’

मी म्हटलं, ‘दाजी, जनावरांचा.’

‘तेच ते. नीट दोन्हीला एकच. मार्क जास्त पडले की आपोआप माणसांकडे वळेल.’

परीक्षा दोन्हीला एकच हे खरं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, मग नीट, मग पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. राज्यातली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत; मुंबईचं परळचं १८८६ पासूनचं, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि आमच्या साताऱ्याच्या हद्दीतलं शिरवळ वगैरे. हे सगळं भाचीनं शोधून काढलं होतं. दाजींनी त्यातलं फक्त ‘नीट’ शोधून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला गेलो. खरं तर मामानं यात पडू नये. पण आपल्याकडे मामाला लग्नात अंतरपाटामागे मुलीला आणण्याचं काम असतं, त्यामुळे ऐन मोक्याला मध्ये उभं राहायची सवय असते.

भाचीला विचारलं, ‘व्हेट का?’ तर म्हणाली, कुत्री आवडतात. आणखी खोदलं तेव्हा मोबाइल पुढे केला. कुठल्याशा परदेशी दवाखान्यात निळ्या कपड्यांतली एक डॉक्टरीण ओल्या पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळत होती, मागे पियानो. मग थोड्या वेळानं, मान खाली घालून, खरं कारण आलं. ‘आणि मामा, जनावरं बोलत नाहीत. मला पेशंटशी गप्पा मारायला नाही जमणार.’

मग दाजींना विचारलं, ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचं होतं?’ त्यांच्या डोळ्यांसमोर जे आलं ते मला अगदी स्वच्छ दिसलं. पितळी पाटी, पांढरा कोट, बाहेर चपलांचा ढीग, औषधाच्या बाटलीला कागदी खुणा चिकटवणारा कंपाउंडर, आणि गावातला सगळ्यात मोठा माणूस उठून ‘या डॉक्टर’ म्हणतोय.

माझ्या मते सगळा घोटाळा इथं आहे. बापाचं राहून गेलेलं स्वप्न इतकं देखणं असतं, कारण ते कधी वापरलेलंच नसतं. अठराव्या वर्षी जिथं थांबलं तिथंच ते उभं आहे. त्यातला कंपाउंडर अजून निवृत्त झालेला नाही. आणि पोरीचं स्वप्नही तितकंच कोरं करकरीत. फरक एवढाच, की त्याला मागे पियानो आहे. घरात भांडण चाललं होतं ते दोन स्वप्नांचं, आणि दोघांपैकी एकानंही तो धंदा दिवसभर पाहिला नव्हता.

दाजींना वाटलं, चाचणी करून घेऊ, शास्त्रीय निकाल लागेल. काही वर्षांपूर्वी दहावीच्या पोरांची बोर्डातर्फे कल चाचणी व्हायची. तिच्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, अगदी गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं असत. तसल्याच जातीची एक चाचणी दाजींनी पैसे भरून आणली आणि पोरगी उत्तरं देत असताना मागे उभे राहून ‘नीट वाच, नीट वाच’ म्हणत राहिले. यात ‘नीट’ हा शब्द किती वेळा आला ते सोडून द्या. निकाल आला : आरोग्य व जैविक विज्ञान. दाजींनी पेढे आणले.

या चाचण्या वाईट नसतात. पण त्या काय सांगतात आणि काय नाही हे बघायला हवं. कल म्हणजे आवड, आणि कुवत ही वेगळी गोष्ट. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या. आवडीच्या चाचणीत पोराला विचारतात, अमुक काम करायला आवडेल का. ज्यानं ते काम कधी पाहिलंच नाही तो काय उत्तर देणार? जे ऐकलं असेल त्यालाच टिक करणार. आमच्या भाचीला त्या यादीतली निम्मी कामं ही कामं आहेत हेही माहीत नव्हतं. तेव्हा अशा चाचणीतून निघतो तो बोलणं सुरू करायचा विषय. दाजी त्याला मेरिट लिस्ट समजून बसले होते.

म्हणून ठरलं, की पोरीनं आठवडाभर एखाद्या पशुवैद्याबरोबर फिरायचं. माझ्या मित्राचा धाकटा भाऊ फलटण तालुक्यात खासगी प्रॅक्टिस करतो. शिरवळहून पदवी घेऊन त्याला पाच-सहा वर्षं झालीत. मुद्दाम असाच माणूस निवडला. धंद्यात तीस वर्षं काढलेला माणूस पोरांना भाषण देतो आणि कॉलेजातून कालच बाहेर पडलेल्याला अजून काहीच माहीत नसतं. पाच-सहा वर्षंवाल्याला मात्र सुरुवातीचे हाल आठवत असतात आणि पुढची वाटही दिसायला लागलेली असते. शिवाय तासाभराची भेट नको, सकाळी निघाल्यापासून रात्री बूट काढेपर्यंतचा दिवस हवा, असंही ठरवलं. भेटीत धंदा पाहुण्यासारखा कपडे करून बसतो. कंटाळा, उधारी, वाट बघणं, हे सगळं भेट संपल्यावर बाहेर येतं.

डॉक्टरनं दोनच अटी घातल्या. गमबूट हवेत, आणि तो सांगेल त्यालाच हात लावायचा. व्यालेल्या गाईच्या अडकलेल्या वारेला तर अजिबात नाही, कारण त्यातून ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. दाजींनी हे ऐकून मला बाजूला घेतलं, ‘बघा, माणसांच्या डॉक्टरला असलं काही नसतं.’ माणसांच्या डॉक्टरला क्षयरोगापासून काय काय चिकटू शकतं हे सांगायचं मी टाळलं. तिसरी अट माझी होती : दाजींनी जायचं नाही. ती त्यांनी मोडली. पोरीला सोडायला म्हणून गेले आणि दोन दिवस राहिले.

पहिल्याच गोठ्यात गाभण तपासणी होती. गाय खोड्यात उभी केली. डॉक्टरनं खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, त्याला साबणाचं पाणी लावलं आणि गाईच्या शेपटीखालून कोपराच्याही वर हात आत घातला. आधी ओंजळीनं शेण बाहेर काढलं. मग आकाशाकडे बघत, कुणी हरवलेली किल्ली पलंगाखाली चाचपडावी तसा आत काहीतरी चाचपडत राहिला. ‘अडीच महिने,’ म्हणाला. मालकाच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते पहिलटकरणीच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरही दिसत नाही. भाची डोळे विस्फारून, ‘आतलं दिसत नाही तर कळतं कसं?’ असं विचारत होती. दाजी गोठ्याबाहेर कडब्याच्या पेंडीवर डोकं गुडघ्यात घालून बसले होते. मालकाच्या बायकोनं त्यांना गूळपाणी दिलं. ज्यांचं मेडिकल अर्ध्या मार्कानं हुकलं ते हे.

थोडं सावरल्यावर दाजी डॉक्टरच्या मागे लागले. स्थळ बघायला आल्यासारखे. ‘महिन्याला किती सुटतात? सरकारीत का नाही गेलात? घर स्वतःचं का?’ सरकारीत पशुधन विकास अधिकारी म्हणून जाता येतं, त्यासाठी एमपीएससी द्यावी लागते, जागा निघतील तेव्हा निघतात, हे डॉक्टरनं शांतपणे सांगितलं. मग डिकीतून एक लांबट वही काढून त्यांच्या हातात दिली. ती उधारीची होती. पानं भरून नावं, पुढे रक्कम, काहींपुढे ‘दूध बिलावर’, काहींपुढे ‘ऊस गेल्यावर’, एकापुढे नुसतं ‘बघू’. दाजींनी वही अशी वाचली की रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण एक सांगतो, त्या वहीनं दाजींना आणि पोरीला दोघांनाही जे कळलं ते पगाराच्या कुठल्याही तक्त्यातून कळलं नसतं. सुरुवातीची वर्षं कशी जातात, पैसा कधी येतो, कुणाकडून येतो आणि कुणाकडे मागायची लाज वाटते, सगळं त्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दाजी रजा संपली म्हणून परतले, आणि खरा आठवडा तिथून सुरू झाला.

रात्री अडीचला फोन आला. गाय दुपारपासून अडली होती. डॉक्टरनं पोरीला उठवलं, येतेस का विचारलं. ती गेली. गोठ्यात दिवा नव्हता, तेव्हा मोठी बॅटरी धरायचं काम तिच्याकडे आलं. सरळ व्यायचं असेल तर वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकवलेलं नाक आधी येतं. इथं पाय आले होते, पण मान आतल्या आत एका बाजूला वळलेली. अशा वेळी घाईनं पाय ओढले की मान आणखी अडकते, आणि घरच्यांनी तेच केलं होतं. डॉक्टरनं आधी वासराला हलकेच मागे ढकललं. बाहेर काढायचं तर आधी आत ढकलायचं, हे भाचीला त्या रात्री फार पटलं नाही. मग आतल्या आत हातानं डोकं वळवून सरळ केलं, पायांना दोर बांधले, आणि गाय कळ देईल तेव्हाच दोघांना ओढायला लावलं. कळ थांबली की दोरही ढिला. अर्ध्या तासानं वासरू बाहेर पडलं, निपचित. डॉक्टरनं नाकातोंडातला चिकटा पुसला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. वासरू शिंकलं. भाची म्हणते, तिच्या हातातली बॅटरी तोवर स्थिर होती आणि मग हलायला लागली.

इथं पियानो वाजायला हवा होता. त्याऐवजी मालक म्हणाला, ‘डॉक्टर, अजून लवकर यायला पायजे हुतं तुमी.’

ती परतली तेव्हा ताई-दाजींना मी आधीच बजावलं होतं, की दारातच ‘मग? आवडलं का? ठरलं का?’ करायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला उंबऱ्यावर असा प्रश्न टाकला की ‘ठीक होतं’ हे उत्तर मिळतं, आणि एकदा ते मिळालं की महिनाभर त्याच्या पुढे गाडी सरकत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी काय काय केलंस?’ एवढंच विचारायचं. ताईनं विचारलं. पोरगी दीड तास बोलली. त्यात गोचीड होते, पोटफुगी होती, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या होत्या, त्या कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरून कशा वापरतात तेही होतं. हे सगळं ती मटकीची उसळ खाताना सांगत होती. मग कधीतरी आपोआप मुद्द्यावर आली.

‘जनावरं बोलत नाहीत म्हणून मी हे घेणार होते ना? पण डॉक्टर दिवसभर माणसांशीच बोलतात! गाईला दोन मिनिटं, मालकाला वीस. औषध किती, दूध कधी वाढेल, मागच्या डॉक्टरनं असं का केलं... पाचव्या दिवशी एक गाय मेली. डॉक्टर तिच्याजवळ थोडाच वेळ होते. बाकी सगळा वेळ त्या आजींजवळ बसले होते.’

‘मग, जमेल तुला ते?’ ताईनं विचारलं.

‘माहीत नाही. त्या आजींना पाणी मी नेऊन दिलं. पण बोलता नाही आलं काही.’

या ‘माहीत नाही’ला मी फार किंमत देतो. आधीचं ‘नक्की’ मोबाइलवरून आलं होतं. हे गोठ्यातून आलं. कुत्र्यांचा दवाखाना तिनं स्वतःच यादीतून काढला. रात्रीचं उठणं चालेल म्हणाली. रक्ताचं काही वाटलं नाही. केमिस्ट्री अजिबात आवडत नाही आणि हे सगळं केमिस्ट्रीवरच अडेल, हेही तिनंच सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी हीच कबुली द्यायला लावली असती तर घरात रडारड झाली असती.

आता राहिले दाजी. त्यांच्या स्वप्नालाही एक दिवस कामावर पाठवायला हवं होतं. त्यांच्याच वर्गातला एक मित्र त्या वर्षी मेडिकलला लागला होता आणि आता शेजारच्या गावात दवाखाना चालवतो. इतकी वर्षं दाजींनी त्याचं नाव एका विशिष्ट स्वरात घेतलेलं. मी म्हटलं, दाजी, एक दिवस त्याच्याकडे बसून या, पोरीसाठी माहिती म्हणून. गेले. रात्री परत आले ते गप्प. त्या मित्राला दुपारचं जेवण साडेचारला मिळालं होतं, तेही उभ्यानं. एका पेशंटच्या भावानं गर्दीतच आवाज चढवला होता. आणि संध्याकाळी चहा घेताना मित्र म्हणाला होता, ‘तुझं बरं झालं राव. पाच वाजता सुटतोस.’ दाजींना हा घाव फार लागला. ज्या माणसाच्या खुर्चीत आपण बसायला हवं होतं असं जन्मभर वाटलं, तो आपल्याच खुर्चीकडे बघत होता.

याच सुमारास मी त्यांना नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. उट्रेख्त विद्यापीठातल्या एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ७३ पालक घेतले. त्यांना वर्तुळांच्या जोड्या दाखवल्या, एक वर्तुळ मी, दुसरं माझं मूल. काही जोड्या सुट्या, काही थोड्या एकमेकांत गेलेल्या, काही जवळजवळ एकावर एक. तुमची जोडी कोणती? मग निम्म्यांना स्वतःच्या राहून गेलेल्या इच्छांबद्दल लिहायला सांगितलं आणि निम्म्यांना ओळखीच्या कुणाच्या तरी. ज्यांची वर्तुळं एकमेकांत खूप गेली होती, त्यांनी स्वतःचं राहिलेलं लिहून काढल्यावर ‘ते माझ्या मुलानं पुरं करावं’ ही इच्छा जास्त दाखवली. ज्यांची वर्तुळं सुटी, त्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे स्वप्न राहून जाणं हा काही गुन्हा नाही, ते सगळ्यांचंच राहतं. भानगड वर्तुळांची आहे.

दाजींनी लग्नपत्रिकेच्या मागे पेन घेऊन वर्तुळ काढलं. एकच काढलं. मी म्हटलं, दुसरं? म्हणाले, ‘त्याच्याच खाली आहे.’

पण म्हणून उद्यापासून ‘तुला हवं ते कर, मी मध्ये पडणार नाही’ म्हणायचं, तर तोही एक पळपुटेपणाच. असे बाप अलीकडे फार झालेत आणि त्यांचं कौतुकही फार होतं. सोळा वर्षांच्या पोरीला फीचा आकडा कळत नाही, मुदती कळत नाहीत, कोणता विषय सोडला की कोणतं दार बंद होतं ते कळत नाही. तिथं बापानं बापासारखं बसायलाच हवं. आम्ही तिघं-चौघं एका रविवारी बसलो, आणि दाजी हिशेबाच्या माणसासारखे छान बोलले. त्यांना ते येतंच. सरकारी कॉलेज मिळालं तर इतका खर्च मी करीन, त्याहून जास्त लागला तर कर्ज आणि त्याचा हप्ता असा बसेल, एवढं त्यांनी कागदावर मांडलं. कुठंही ‘तुझ्यासाठी मी काय काय सोडलं’ नव्हतं. आकडा सांगणं हा बापाचा हक्कच आहे. आकड्याच्या आडून स्वप्न सांगू नये, एवढंच.

मग विषय. अकरावी सायन्सला तिनं बायोलॉजीबरोबर गणितही ठेवायचं ठरवलं. अभ्यास वाढतो, पण बारावीनंतर नीटही देता येते आणि सीईटीचे दोन्ही ग्रुपही. विषय मध्येच सोडणं सोपं, मागाहून धरणं कठीण. शेतीची पदवी, दुग्ध तंत्रज्ञान, असल्या गोष्टी तिनं आता गोठा पाहिल्यामुळे यादीत घातल्या. आधी ही नावं तिच्यासाठी नुसते कोर्स होते.

सगळ्यात कडाक्याची चर्चा झाली ती रिपीटवर. नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त पोरं बसतात. पहिल्या झटक्यात जमलं नाही तर? माझं म्हणणं होतं की किती वेळा द्यायची ते आजच ठरवा, निकालाच्या रात्री नव्हे. निकालाच्या रात्री पोरं दमलेली असतात आणि बापांना हुरूप आलेला असतो. ‘एक वर्ष काय, असं जातं,’ हे वाक्य त्या रात्री हमखास बापाच्याच तोंडून निघतं, आणि तिसऱ्या प्रयत्नाला पेपर नक्की कोण देतंय हे कुणालाच सांगता येत नाही. पोरगी म्हणाली, एकदा, आणि फार तर आणखी एकदा, तेही मला वाटलं तर. दाजींनी तोंड उघडलं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि उसासाही टाकला नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्या कुकरांच्या शिट्ट्या त्या दिवशी खऱ्या होत्या.

फ्रिजवरची कात्रणं गेली. तिथं आता पोरीनं लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचं वेळापत्रक लावलंय, डॉक्टरनं दिलेलं. गरज काही नाही, घरात एक मांजर आहे फक्त. अधूनमधून रविवारी ती फलटणला जाते. कधी जात नाही. गेल्या महिन्यात दूध संघाच्या प्रयोगशाळेत काय असतं ते बघायचंय म्हणत होती, तेव्हा दाजींनी ‘त्यात पुढे स्कोप काय?’ एवढंच विचारलं आणि तेही तिसऱ्या दिवशी. बापात इतका फरक पडला हेही पुष्कळ आहे.

पण एटीकेटी कुठंतरी सुटायला हवी होती, आणि ती दाजींनी स्वतःच सोडवायला घेतली. रक्तदाब मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणलं. आधी ताईचा मोजला, मग शेजाऱ्यांचा, आता सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी सहा ते सात बसतात. वही ठेवली आहे, नाव, आकडे, तारीख. बाहेर चपला नसतात, पण रांग असते. काही म्हातारे तर औषधाच्या गोळ्या दाखवायला येतात आणि दाजी ‘ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा’ असं इतक्या भारदस्तपणे सांगतात की समोरच्याला निम्मं बरं वाटतं.

परवा मी गेलो तर मलाही बसवलं. पट्टा आवळला, बटण दाबलं, यंत्र घुरघुरलं. आकडा बघून दाजींचा चेहरा गंभीर झाला. ‘मेव्हणे, मीठ बंद करा. लोणचं तर आजपासूनच.’

भाची क्लासहून येत होती. सायकल लावता लावता तिनं एकदा माझ्या दंडाकडे पाहिलं.

‘पप्पा, पट्टा उलटा बांधलाय.’